भाडेकरूला पार्किंगचं कसं विचारायचं आणि पाहुण्यांच्या गाड्या कुठं लावायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं घर आहे, खाली आम्ही राहतो आणि वरचा मजला भाड्यानं देतो. बरीच वर्षं झाली, बरेच भाडेकरू येऊन गेले, भाड्यावरून कधी कुणाशी वाजलं नाही पण गाड्यांवरून तोंडं वाकडी झालीत. त्यामुळं ओळखीतले घरमालक मलाच विचारतात की बाबा तू कसं सांगतोस, वाईट वाटत नाही का समोरच्याला. तेच प्रश्न परत परत येतात म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. भाडेकरूंनीपण वाचावं, त्यांचे प्रश्न शेवटी घेतलेत.

पार्किंगचा विषय काढायचा कधी?

घर दाखवतानाच, डिपॉझिटचं बोलणं होण्याआधी. माणूस राहायला आल्यावर आणि पहिल्याच रविवारी त्याच्याकडं पाहुणे आल्यावर सांगितलं की ते तक्रारीसारखं लागतं, आणि खरंच तोपर्यंत ती तक्रारच झालेली असते. आधी काढला तर तीच गोष्ट माहिती म्हणून ऐकली जाते.

आणि सांगण्याआधी विचारायचं. मी घर दाखवून झालं की खाली पार्किंगमध्ये उभं राहूनच विचारतो, म्हणजे जागा समोर दिसत असते. तुमच्या स्वतःच्या गाड्या किती, कामावरनं यायची जायची वेळ काय, आणि तुमच्याकडं नेहमी येणारं कोण आहे. हा तिसरा प्रश्न बहुतेक घरमालक विचारतच नाहीत आणि सगळा घोळ तिथंच होतो. एका भाडेकरू वहिनी घरी ट्यूशन घ्यायच्या, रोज संध्याकाळी पाच ते सात सहा-सात पोरांच्या सायकली आणि त्यांना सोडायला आलेल्या आयांच्या टू व्हीलर. त्या काही लपवत नव्हत्या, मीच विचारलं नव्हतं.

आमच्या पार्किंगमध्ये किती गाड्या बसतात ते कसं ठरवायचं?

टेप घेऊन मोजा. अंदाजानं "लागतील की चार-पाच" असं सांगू नका, कारण भाडेकरू ते शब्द धरून चालतो आणि त्यात त्याची चूक नाही.

आमचंच सांगतो. आमचं पार्किंग १७ फूट लांब आणि १६ फूट रुंद आहे. आमची छोटी चारचाकी आरशांसकट सव्वासहा फूट धरा, दार उघडून माणूस उतरायला अडीच फूट, झाले पावणेनऊ. राहिले सव्वासात फूट. टू व्हीलर असते साधारण सहा फूट लांब, ती समोरच्या भिंतीकडं तोंड करून सरळ लावली तर बाहेर काढताना चारचाकीला घासणार, म्हणून तिरकी लावायची. तिरकी लावली की हँडलसकट एका गाडीला साडेतीन फूट भिंत लागते. १७ फुटांतले तीन फूट जिन्याच्या दारापुढं मोकळे ठेवायचेच, म्हणजे उरले १४ आणि त्यात बसल्या बरोबर चार टू व्हीलर. एक आमची, दोन भाडेकरूंच्या, आणि एक जागा पाहुण्याची. बस्स, पाचवी गाडी आली की जिना अडतो.

हे मोजताना एक गोष्ट लोक विसरतात ती म्हणजे पाण्याच्या हौदाचं झाकण. आपल्याकडं बहुतेक घरांत हौद पार्किंगखालीच असतो. त्या झाकणावर चारचाकीचं चाक आलं तर फरशी दबते, लोखंडी झाकण असेल तर कडा वाकते आणि मग पावसाचं पाणी, ऑइलचे थेंब सगळं आत जातं. आणि नळाला पाणी आल्यावर हौद किती भरला ते बघायला झाकण उघडायचं तर वर गाडी उभी. आम्ही झाकणाभोवती पिवळा ऑइलपेंट मारलाय, तेव्हापासून कुणाला सांगावं लागत नाही.

तोंडी सांगितलेलं पुरतं का, की लिहून द्यायचं?

आधी तोंडी, मग त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर. नुसता मेसेज टाकला तर समोरच्याला वाटतं हा माणूस जिना चढून वर यायला तयार नाही, कोरडा आहे. नुसतं तोंडी सांगितलं तर नवऱ्याला माहीत आणि बायकोला नाही, आणि पाहुणे नेमके बायकोच्या माहेरचे येतात.

मी असा मेसेज टाकतो, हवा तर तसाच घ्या:

"नमस्कार दादा, काल बोललो ते एकदा लिहून ठेवतो म्हणजे वहिनींनाही कळेल. जिन्याशेजारच्या दोन जागा तुमच्या टू व्हीलरसाठी. त्याला लागून एक जागा पाहुण्यांच्या टू व्हीलरसाठी आहे, आमच्याकडं कुणी आलं तर आम्हीपण तीच वापरणार. पाहुण्यांची चारचाकी आत बसत नाही, ती गल्लीत आपल्या बाजूच्या कंपाउंडला लागून लावायला सांगा, समोरच्यांच्या गेटसमोर नको. काचेमागं तुमचा मोबाईल नंबर ठेवायला सांगितला तर फार बरं होईल. यात काही अडचण वाटत असेल तर मोकळेपणानं सांगा, बसून बघू."

शेवटचं वाक्य मनापासून लिहायचं. एका भाडेकरूनं खरंच सांगितलं की आईचे गुडघे दुखतात, तिला रिक्षातनं गल्लीच्या कोपऱ्यापासून चालवत नाही. मग आम्ही ठरवलं की त्या येतील तेव्हा रिक्षा थेट पार्किंगमध्ये घ्यायची, उतरवायचं आणि रिक्षा बाहेर. दोन मिनिटांचं काम.

करारात पार्किंगचं लिहायला पाहिजे का?

पाहिजेच. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार एजंटकडनं होतो, त्यात खोल्या, पंखे, ट्यूबलाईट, गिझर सगळं मोजून लिहितात आणि पार्किंगबद्दल एक शब्द नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि तसा नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणतो ते ग्राह्य धरतात, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. म्हणजे तुम्ही तोंडी "एकच गाडी" म्हणाला होता आणि तो म्हणाला "दोन म्हणाला होता", तर त्याचं पारडं जड.

मोठं काही लिहायला नको. "सदर मजल्यासोबत तळमजल्यावरील पार्किंगमध्ये जिन्यालगत दोन दुचाकींची जागा वापरण्यास दिली आहे. चारचाकीसाठी जागा दिलेली नाही. पाहुण्यांची वाहने गेट, जिना व पाण्याच्या हौदाचे झाकण अडणार नाही अशी उभी करावीत." तीन वाक्यं. एजंटला सही करायच्या आदल्या दिवशी पाठवा, ऐन अंगठ्याच्या वेळी सांगितलं तर तो "राहू दे की काका, सगळे असंच करतात" म्हणतो.

पाहुण्यांची चारचाकी नेमकी कुठं उभी करायची?

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण आमच्याकडं जे झालं ते विसरता येत नाही.

भाडेकरूंच्या बाळाचं बारसं होतं. गडहिंग्लजहून पाहुणे आले, रात्री मुक्कामाला राहिले. जेवणं उरकायला उशीर झाला, सगळे दमून झोपले. त्यांची चारचाकी लागली होती समोरच्यांच्या गेटला आडवी, पूर्ण नाही, अर्धी. रात्री अकराला बघणाऱ्याला वाटावं की जाईल की गाडी. समोरच्या काकूंना आठवड्यातनं तीनदा डायलिसिसला जावं लागायचं, पहाटे साडेपाचला घरातनं निघायच्या. पहाटे त्यांच्या मुलानं गेट उघडलं तर गाडी निघेना. हॉर्न वाजवला, आमची बेल वाजवली, मी उठलो, पण गाडी कुणाची ते मलाही माहीत नव्हतं कारण गल्लीत त्या रात्री चार नव्या गाड्या होत्या. मी वर जाऊन दार वाजवलं, झोपेतनं कुणी उठेपर्यंत, किल्ली कुणाच्या पँटच्या खिशात आहे ते सापडेपर्यंत वीस मिनिटं गेली. काकू तोपर्यंत गाडीत बसून होत्या, स्वेटर घालून, एक शब्द बोलल्या नाहीत. भाडेकरूला इतकं वाईट वाटलं की दुसऱ्या दिवशी तो स्वतः जाऊन माफी मागून आला.

त्याच्यावर मी चिडलो नाही, कारण चूक माझी होती. "बाहेर लावा" एवढंच मी सांगितलं होतं. बाहेर म्हणजे कुठं, ते नाही.

त्यानंतर मी टेप घेऊन गल्ली मोजली. आमची गल्ली २० फूट आहे. एका बाजूला गाडी लागली की सहा फूट जातात, १४ उरतात, कुणालाही जाता येतं. दोन्ही बाजूला समोरासमोर लागल्या की उरतात आठ. तेवढ्यातनं कार जाते, पण घंटागाडी अडकते आणि अग्निशमनची गाडी तर येणारच नाही. म्हणून आमच्याकडं आता एकच ठरलंय: पाहुण्यांची चारचाकी आमच्याच बाजूला, कंपाउंडला चिकटून, समोर दुसरी गाडी उभी नसेल तिथं. जागा नसेल तर गल्लीच्या बाहेर मोठ्या रस्त्याला, पण तिथं पी वन, पी टू चा बोर्ड असेल तर तारीख बघून, सम की विषम. बाहेरगावच्या माणसाला हे माहीत नसतं आणि रात्री बाराला तारीख बदलते हे तर त्याच्या डोक्यातच येत नाही, म्हणून मुक्कामी पाहुण्यांना मुद्दाम सांगायचं. आणि कुणाच्याही गेटसमोर, फुटपाथवर, चौकाच्या तोंडाशी गाडी लावायला नियमानंच मनाई आहे, ते काही शेजाऱ्यांच्या मर्जीवर नाही.

मुक्कामी गाडी असेल तर आणखी दोन गोष्टी: काचेमागं मोबाईल नंबर, आणि किल्ली भाडेकरूच्या दाराजवळच्या हुकाला. आमच्या वरच्या मजल्यावर तो हूक मीच ठोकून दिलाय.

गल्ली तर सगळ्यांची आहे, मग घरमालक कोण सांगणार कुठं लावायची?

बरोबर आहे. रस्ता महापालिकेचा आहे, आमच्या कंपाउंडसमोर असला म्हणून आमचा होत नाही. काहीजण ड्रम, कुंड्या, दगड, जुने टायर मांडून जागा अडवतात, तो हक्क कुणालाच नाही आणि मी भाडेकरूला तसं करायला कधीच सांगणार नाही. गेटसमोरची जागा मोकळी ठेवा एवढंच आपण मागू शकतो, बाकी विनंती असते. म्हणून तर गोड बोलायचं, कारण हुकूम सोडायचा अधिकारच नाही आपल्याला तिथं.

पाहुण्यांच्या टू व्हीलरचं काय? त्या तर कुठंही लागतात.

लागतात म्हणूनच त्रास होतो. आत लावायची तर साईड स्टँडवर नको, डबल स्टँडवर, कारण साईड स्टँडची गाडी कलते आणि शेजारच्या गाडीची जागा खाते. पावसाळ्यात गेटबाहेरच्या मातीत साईड स्टँड रुततो आणि एक गाडी आडवी झाली की ओळीनं सगळ्या. आत हँडल लॉक करू नका असं आम्ही सांगतो, गेटला कुलूप असतं आणि मागची गाडी काढायची तर पुढची सरकवता आली पाहिजे. पण हे पाहुण्याला मी सांगत नाही, भाडेकरूच सांगतो. पाहुण्याला घरमालकानं जिन्यात गाठून बोलणं बरं दिसत नाही, त्यात भाडेकरूचाच मान जातो.

आपला फ्लॅट अपार्टमेंटमध्ये असेल तर?

मग आधी आपल्यालाच काय मिळालंय ते बघा. बिल्डरनं तोंडी दाखवलेली जागा आपली समजून भाडेकरूला देऊन टाकायची आणि मग दुसराच सभासद येऊन भांडायचा, असं फार होतं. सुप्रीम कोर्टानं २०१० मध्येच सांगितलंय की उघडी किंवा स्टिल्ट, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटपासून वेगळी विकता येत नाही, ती सामाईक जागा आहे. सोसायटी असेल तर जागावाटप सोसायटी करते. आपल्या कोल्हापुरात पुष्कळ इमारतींत सोसायटी नसते, अपार्टमेंट असोसिएशन असते, तिथं डिक्लरेशन डीड आणि बाय-लॉज काढून बघा.

मग भाडेकरूच्या गाड्यांचे नंबर सेक्रेटरींना कळवा आणि पाहुण्यांसाठी तिथं काय पद्धत आहे ते विचारून भाडेकरूला सांगा. वॉचमनशी त्याची ओळख आपण करून द्यायची, पहिल्या दिवशी, समोर उभं राहून. नाहीतर वॉचमन त्याच्या पाहुण्यांना गेटवर अडवतो आणि अपमान भाडेकरूचा होतो.

भाडेकरूनं मधेच चारचाकी घेतली तर?

आनंदाची गोष्ट आहे, पेढे खायचे. पण जागा नाही ते करारात आहे, तेव्हा तेही सांगायचं. गाडी बुक करायच्या आधी बोला असं मी सुरुवातीलाच म्हणून ठेवतो. आमच्या एका भाडेकरूनं तसं विचारलं, मग दोघांनी मिळून जवळपास चौकशी केली आणि मागच्या गल्लीत एका मोकळ्या प्लॉटवर महिन्याच्या भाड्यानं जागा मिळाली. रोज रात्री गल्लीत जागा शोधत फिरण्यापेक्षा ते त्यालाच बरं वाटलं.

सणावाराला आणि पावसाळ्यात हेच नियम चालतात का?

नाही चालत, आणि ताणूही नयेत. गणपतीत गल्लीत मंडप पडतो, रस्ता अर्धा होतो. नवरात्रात अंबाबाईला आलेल्यांच्या गाड्यांनी शहर भरतं, पाहुणेपण त्याच दिवसांत दर्शनाला येतात. त्या आठवड्यांत मी आमची चारचाकी भावाकडं नेऊन ठेवतो आणि ती जागा ज्याच्याकडं पाहुणे त्याला, आधी कोण येणार ते एकमेकांना सांगून.

पुराचं वेगळंच. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ ला आणि २०२१ ला सखल भागातल्या पार्किंगांत पाणी शिरलं, गाड्या बुडाल्या. २०२१ च्या जुलैत आमच्या भाडेकरूंचे नागाळा पार्कातले नातेवाईक रात्री गाड्या घेऊन आले. आम्ही हौदाचं झाकण तेवढं सोडून दोन कार आणि सात टू व्हीलर आत घातल्या, आमची बाहेर काढली. जिना पूर्ण अडला होता, चार दिवस आम्ही गाड्यांच्या मधनं तिरकं होऊन जात होतो. पाणी ३९ ला लागलं की आता भाडेकरूला मीच फोन करतो, तुमच्या कुणाच्या गाड्या आणायच्या असतील तर आत्ताच आणा, ४३ झाल्यावर रस्ते बंद होतात.

दोनदा सांगूनही तेच होत असेल तर?

तिसऱ्यांदा वर जाऊन बसून बोला, चहा घेत. आधी कारण विचारा. एकदा असं निघालं की भाडेकरू सांगत होता पण त्याचा मेहुणा ऐकत नव्हता, आणि त्याला घरात ते बोलता येत नव्हतं. मग मी त्याला म्हटलं, माझं नाव सांग, घरमालक कडक आहे म्हणून सांग. चाललं ते.

टायरची हवा सोडणं, साखळी घालून कुलूप लावणं, गेट बंद करून ठेवणं, यातलं काही करू नका. आणि पाणी किंवा लाईट तोडणं तर अजिबात नको, ते कायद्यानं चालत नाही. रस्त्यावर गेट अडवून परकी गाडी उभी असेल आणि मालक सापडतच नसेल तर ट्रॅफिक पोलिसांना फोन करा. आपल्या पार्किंगच्या आतलं मात्र करारावर आणि बोलण्यावरच सुटतं.

भाडेकरूचा प्रश्न: घरमालकांचे पाहुणे आले की आमची गाडी बाहेर काढायला सांगतात. हे बरोबर आहे का?

नाही. करारात जागा दिली असेल तर ती तुमची आहे, भाडं भरताय तुम्ही. अडचणीला विनंती करता येते आणि तुम्हाला नाही म्हणता येतं. मी स्वतः एकदा हे केलंय, आमच्या मुलीच्या साखरपुड्याला वरच्यांच्या दोन्ही गाड्या बाहेर काढायला लावल्या, आदल्या रात्री पाऊस, सकाळी एकीच्या प्लगमध्ये पाणी गेलेलं आणि ती चालू होईना. त्यांना कामावर जायला उशीर झाला. मेकॅनिकचे पैसे मी दिले आणि त्यानंतर आमच्या पाहुण्यांच्या जास्तीच्या गाड्याही गल्लीतच लागतात.

भाडेकरूचा प्रश्न: पाहुणे येणार असले की प्रत्येक वेळी घरमालकांना विचारायचं का?

विचारायचं नाही, फक्त कळवायचं, तेही चारचाकी मुक्कामी असेल तेव्हाच. "काका, उद्या सांगलीचे पाहुणे आहेत, पांढरी गाडी आहे, रात्री इथंच" एवढा एक मेसेज पुरतो. मग पहाटे कुणी बेल वाजवली तर मला माहीत असतं की कुणाचं दार वाजवायचं.